नायिकेची निवड ओघाने आलेली की लेखिकेने लादलेली? (निमित्त : जेन एअर)

शुभदा_वाचते
आमच्या वाचनगटात या महिन्यात शार्लट ब्राँटीची 'जेन एअर' (१८४७) झाली. बहुतेकांना कथा ठाऊक असेल, पण धाग्यापुरती थोडक्यात सांगते. जेन ही अनाथ मुलगी थॉर्नफील्डच्या वाड्यात शिक्षिका म्हणून येते. मालक रॉचेस्टरशी तिचं लग्न ठरतं, आणि ऐन चर्चमध्ये कळतं की त्याची वेडी बायको वरच्या मजल्यावर कोंडलेली आहे. जेन निघून जाते. पुढे सेंट जॉन नावाचा धर्मोपदेशक तिला आसरा देतो आणि मिशनरी म्हणून हिंदुस्थानात जाताना बायको म्हणून बरोबर चल, असं म्हणतो. शेवटी ती रॉचेस्टरकडे परतते.

गटात दोन तट पडले. अर्ध्या जणांचं म्हणणं असं की लेखिकेने बायकोला आगीत मारून वाटेतला काटा काढला, त्यामुळे जेनने 'निवडलं' असं म्हणायला जागाच उरत नाही. बाकीच्यांना शेवट पूर्ण पटला. मला कोण बरोबर हे नको आहे. हे तपासायचं कसं, पुस्तकात नेमकं कुठे बघायचं, ते सांगा.

निशिकांत_द
पहिल्या तटाशी सहमत. सत्ताविसाव्या प्रकरणात ती त्याला नाही म्हणते, कारण बायको जिवंत आहे. सदतिसाव्यात हो म्हणते, कारण बायको मेली आहे. मधे काय बदललं? परिस्थिती. जेन तीच आहे. शिवाय सेंट जॉन हा खरा पर्याय कधी नव्हताच. बर्फाच्या लादीशी कोण लग्न करील? समोर दुबळा गडी उभा केला की जिंकणं सोपं.

मंजिरी_क
निशिकांत, घटना ज्या क्रमाने घडल्या आणि जेनला ज्या क्रमाने कळल्या, ते दोन क्रम वेगळे आहेत. एका कागदाचे दोन रकाने करून बघा.

घडण्याचा क्रम असा. जेन जुलैत वाडा सोडते. थॉर्नफील्डजवळचा खानावळवाला पुढे सांगतो की आग सुगीच्या सुमाराला लागली. म्हणजे जेन गेल्यावर दोनेक महिन्यांतच बायको गेलेली आहे.

आता जेनला कळण्याचा क्रम. मूर हाउसला, म्हणजे सेंट जॉनच्या घरी, तिचा हिवाळा जातो, वसंत येतो. त्या काळात ती रॉचेस्टरची खबर मिळावी म्हणून वकिलाला विचारते, वाड्याच्या कारभारणीला पत्र लिहिते, दोन महिने थांबून पुन्हा लिहिते. उत्तर नाही. अर्धं वर्ष असंच जातं. मग सेंट जॉन मागणी घालतो, आणि तिच्या लेखी रॉचेस्टर अजून लग्न झालेला माणूसच आहे. मेअखेरीस एका सोमवारी रात्री तिला त्याची हाक ऐकू येते. मंगळवारी दुपारी ती घोडागाडीत बसते, छत्तीस तासांनी गुरुवारी पहाटे उतरते. वाड्यापर्यंतचे दोन मैल चालताना ती स्वतःला बजावते की तिथे त्याची बायको आहे, त्याच्याशी बोलायचाही तुला अधिकार नाही. बायको गेल्याचं तिला कळतं ते जळका वाडा बघून खानावळीत परतल्यावर.

तेव्हा काटा निघाला म्हणून ती आली, असं नाही. ती निघाली तेव्हा तिच्या समजुतीप्रमाणे काटा जागेवरच होता. अडथळा आधी दूर होतो आणि मग नायिका निघते, असं असतं तर तुमचा आक्षेप बरोबर ठरला असता.

निशिकांत_द
हे मान्य, हा तपशील माझ्या लक्षात नव्हता. पण मग उलटा प्रश्न विचारतो. बायको जिवंत सापडली असती तर? ती पुन्हा परतच फिरली असती ना? म्हणजे ती निघाली, पण रॉचेस्टरला 'निवडायला' नाही. फक्त खबर घ्यायला.

मंजिरी_क
हा मुद्दा अगदी नेमका आहे. म्हणूनच मला वाटतं की इथे एक नाही, दोन निवडी आहेत, आणि त्या वेगळ्या तपासायला हव्यात. पस्तिसाव्या प्रकरणातली निवड आहे 'सेंट जॉन नाही' ही. ती अडथळा उभा असताना झाली. 'रॉचेस्टर हो' ही निवड आगीनंतर तो राहतो त्या फर्नडीनच्या घरी होते, सदतिसाव्यात, आणि तेव्हा तिला सगळं ठाऊक असतं. बायको गेली, त्याची दृष्टी गेली, डावा हात कापावा लागला. पहिलीत तिने काय गमावायची तयारी ठेवली ते बघायचं. दुसरीत ती कशाच्या जोरावर उभी आहे ते बघायचं.

तन्वी२२
पण रॉचेस्टरने तिला फसवलं होतं!! बायको लपवून दुसरं लग्न करणाऱ्या माणसाकडे परत जायचंच कशाला? आणि सेंट जॉन तर भावनिक छळ करतो. दोघंही नकोत. तिच्याकडे स्वतःचे पैसे होते, एकटी राहायचं होतं तिने.

शुभदा_वाचते
तन्वी, तुझा राग समजतो, पण तो 'तिने काय करायला हवं होतं' याबद्दलचा आहे. मला विचारायचंय की तिने जे केलं ते तिच्या स्वभावातून आणि आधीच्या पानांतून आलं का. नायिकेचा निर्णय चुकीचा असूनही पुरता पटू शकतो, आणि योग्य असूनही चिकटवल्यासारखा वाटू शकतो.

मंजिरी_क
तन्वीने सहज लिहिलेलं 'तिच्याकडे पैसे होते' हे वाक्य मात्र सोडू नका, कारण गाठ तिथेच आहे. माझ्या मते शेवट पटतो की नाही हे शेवटच्या प्रकरणात ठरत नाही. ते चोविसाव्या प्रकरणात, मिलकोटच्या कापडाच्या दुकानात ठरतं.

लग्न ठरल्यावर रॉचेस्टर तिला खरेदीला नेतो. अर्धा डझन रेशमी पोशाख घ्यायचे, असा त्याचा हट्ट. ती रदबदली करून ते दोनावर आणते. तो झगझगीत जांभळं रेशीम आणि गुलाबी साटीन निवडतो. ती महत्प्रयासाने काळं साटीन आणि मोत्याच्या रंगाचं राखाडी रेशीम घ्यायला लावते. तो जितकं विकत घेतो तितकी ती शरमेने लाल होते. गाडीत परत बसल्यावर तिला मदिरा बेटावरच्या काकाचं पत्र आठवतं आणि ती ठरवते की घरी पोचताच काकाला लिहायचं. थोडा तरी स्वतःचा पैसा असेल तर हे असं बाहुलीसारखं सजणं सोसवेल.

आता त्या एका पत्राने काय काय होतं बघा. काकाला वाटत असतं की पुतणी शाळेतल्या तापाच्या साथीत मेली, कारण तिच्या मामीने तसं खोटं कळवलेलं असतं. हे पत्र पोचतं तेव्हा त्याला ती जिवंत असल्याचं समजतं. त्याच वेळी त्याच्याकडे रॉचेस्टरच्या बायकोचा भाऊ मेसन उतरलेला असतो. काका त्याला लग्नाची बातमी सांगतो, मेसन इंग्लंड गाठतो आणि चर्चमध्ये लग्न थांबतं. पुढे काका वारतो आणि वीस हजार पौंड जेनच्या नावावर ठेवतो. ती त्याचे चार वाटे करून पाच हजार स्वतःला ठेवते.

म्हणजे लग्न मोडणं आणि वारसा मिळणं, दोन्ही गोष्टी तिनेच लिहिलेल्या एका पत्रातून निघतात, आणि ते पत्र 'मला ठेवलेल्या बाईसारखं वागवून घ्यायचं नाही' या तिच्या स्वभावातून. वारसा वरवर बघता आकाशातून पडल्यासारखा वाटतो, पण मागे मागे गेलं की नायिकेच्याच हाताशी येऊन थांबतो. योगायोग तपासताना हेच करायचं. योगायोगाचं शेपूट धरून मागे जायचं. ते नायिकेच्या एखाद्या कृतीशी पोचलं तर शेवट तिचा, नाही पोचलं तर लेखकाचा.

मेसन नेमका त्या वेळी काकाकडे असणं हा योगायोग उरतोच, ते मी नाकारत नाही. पण त्याचा तिला तोटा होतो. नायिकेला अडचणीत टाकणारा योगायोग वाचक सहज गिळतो. तिला अडचणीतून सोडवणाऱ्याचाच घास अडकतो.

दिगंबर_जत
नमस्कार मंडळी. मी मूळ पुस्तक वाचलेलं नाही, पण प्रश्न माझ्याच कामाचा आहे. माझी कादंबरी तीस प्रकरणांची आहे. नायिका सुनंदा ऊसतोडणी मुकादमाची मुलगी. एकीकडे ठरलेला नवरा, एकीकडे साखर शाळेतला मास्तर. सत्ताविसाव्या प्रकरणात ठरलेल्या नवऱ्याचा ट्रॅक्टर उलटतो आणि तो जातो, अठ्ठाविसाव्यात ती मास्तरला होकार देते. ज्यांनी वाचलं ते सगळे 'शेवट घाईत झाला' म्हणतात. दोन प्रकरणं वाढवू का?

मंजिरी_क
दिगंबर भाऊ, पानं वाढवून हे सुटणार नाही. घाई वाटते कारण ट्रॅक्टरने निर्णय घेतला आणि सुनंदाने त्यावर सही केली. तिने 'हो' म्हटलं त्या क्षणी तिला काही सोडावं लागत होतं का, हे बघा. अठ्ठाविसाव्यात तिला काहीच सोडावं लागत नाही.

अपघात ठेवायचाच असेल तर क्रम बदला. ठरलेला नवरा धडधाकट असताना, उचल घेतलेली असताना, ती मुकादमाच्या घरात तोंडाने 'नाही' म्हणू दे. त्याची किंमत तिला मोजावी लागू दे. मग अपघात झाला तरी तो तिच्या निर्णयानंतर येईल, आणि उलट तिला जड जाईल, कारण सगळं गाव म्हणेल हिच्या नकारानेच तो गेला. आणखी एक, ठरलेला नवरा वाईट आहे का तुमचा?

दिगंबर_जत
दारू पितो, हात उचलतो.

मंजिरी_क
मग निशिकांत म्हणाले तो दुबळा गडी तुमच्याकडे आहे. जेन एअरमध्ये तो नाही. सेंट जॉनने तिला उपाशी, पावसात भिजलेली असताना दारातून आत घेतलं. मॉर्टन गावच्या मुलींच्या शाळेत वर्षाला तीस पौंड पगारावर काम दिलं. तो देखणा आहे, शब्दाचा पक्का आहे, कामाला वाहिलेला आहे. रोझमंड नावाच्या मुलीवर त्याचं मनापासून प्रेम असतं आणि ते तो स्वतःच्या हाताने दाबून टाकतो. म्हणून त्याचा गारठा हा खलनायकाचा वाटत नाही, निग्रही माणसाचा वाटतो.

आणि जेन जवळजवळ हो म्हणते, हे विसरू नका. तो रागावतो तेव्हा ती टिकते. पस्तिसाव्यात तो मृदू होतो, प्रार्थना करतो, मग डोक्यावर हात ठेवतो, तेव्हा ती डळमळते आणि म्हणते की देवाची तशी इच्छा आहे अशी खात्री पटली तर इथेच, आत्ता वचन देते. प्रतिस्पर्ध्याचं पारडं इतकं जड झालेलं एक तरी पान तुमच्या कादंबरीत आहे का? दारुड्याला दोन चांगले गुण चिकटवून ते येणार नाही. सुनंदाला त्याच्याबरोबरच्या संसाराची एक संध्याकाळ तरी खरोखर हवीशी वाटायला हवी.

निशिकांत_द
दुबळ्या गड्याबद्दलचं मी मागे घेतो. पण ताई, तुम्ही स्वतःच माझ्या हातात दुसरं हत्यार दिलंत. ती हो म्हणायच्या बेतात होती, आणि तिला वाचवलं कोणी? शेकडो मैलांवरून आलेल्या हाकेने! आत्ताच तुम्ही म्हणालात की नायिकेला सोडवणारा योगायोग घशाखाली उतरत नाही. ही हाक नेमकी तशीच आहे.

अ_वि_नगरकर
हाकेवर इतर बोलतीलच. मला सेंट जॉनच्या एका युक्तिवादाबद्दल लिहायचं आहे, कारण त्याचा आमच्या नगरशी लांबून संबंध लागतो. जेन त्याला सांगते की मी बहीण म्हणून, सहकारी म्हणून हिंदुस्थानात येते, बायको म्हणून नाही. तो म्हणतो, तिशीही न गाठलेल्या पुरुषाने एकोणीस वर्षांच्या मुलीला लग्नाशिवाय बरोबर न्यायचं कसं? वाचकाला वाटतं, त्या काळी खरंच अशक्य असेल. पण सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन मिशनरी १८२७ सालीच मुंबईत आली होती. मुलींच्या शाळा चालवत ती मुंबईत आणि मग अहमदनगरला राहिली आणि १८६२ मध्ये इथेच वारली. सावित्रीबाई फुल्यांच्या शिक्षणाच्या संदर्भात तिचं नाव येतं. कादंबरी छापून येण्याच्या वीस वर्षं आधीची ही गोष्ट. म्हणजे लग्न न करता जाण्याची वाट अस्तित्वात होती. सेंट जॉनने ती जेनपासून लपवली, असं म्हणता येईल.

मंजिरी_क
सर, फरारबाईंचा संदर्भ फार मोलाचा आहे. एक दुरुस्ती मात्र सुचवते. फरारबाई मिशनच्या मंडळातर्फे आल्या होत्या, एका तरुण पुरुषाच्या जोडीने नव्हे, त्यामुळे सेंट जॉनची अडचण अगदीच खोटी नाही. आणि तो ती वाट लपवतही नाही. पस्तिसाव्यात, नकार पक्का झाल्यावर, तो स्वतःच म्हणतो की एका विवाहित मिशनऱ्याच्या पत्नीला मदतनीस हवी आहे, मी लंडनला गेल्यावर बोलतो, तुझ्याकडे पैसा आहे म्हणून संस्थेच्या आधाराचीही गरज नाही. पण ते तो उपकार म्हणून सांगतो, तिने शब्द मोडल्याची बेअब्रू टळावी म्हणून. जेन ते फेटाळते. मी असा शब्द दिलेलाच नव्हता, अनोळखी लोकांबरोबर जाण्याचं माझ्यावर काही बंधन नाही, तुझ्याबरोबर आले असते ते तुझ्यावर भावासारखा जीव आहे म्हणून, असं ती साफ सांगते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. तिला काम नको नव्हतं, हिंदुस्थान नको नव्हता. सेंट जॉनच्या सांगण्यावरून ती जर्मन सोडून हिंदुस्तानी शिकलीही होती. तिला नको होतं ते प्रेमाशिवायचं लग्न. निवड पटण्यासाठी नायिकेने नेमकं काय नाकारलं हे इतकं बारीक कळायला हवं. 'तो आवडला नाही' एवढ्याने भागत नाही.

आता निशिकांतची हाक. माझं उत्तर अर्धवट आहे, ते आधीच कबूल करते. लेखिकेने तयारी केलेली आहे. एकविसावं प्रकरण उघडतं तेच पूर्वसूचना, दूरच्या माणसांमधलं मनाचं नातं आणि संकेत यांवरच्या विचाराने, आणि हाक येते पस्तिसाव्यात. चौदा प्रकरणं आधी बी पेरलेलं आहे. शिवाय रॉचेस्टर फर्नडीनला आपणहून सांगतो की त्या सोमवारी मध्यरात्रीच्या सुमाराला मी तुझ्या नावाने तीनदा हाक मारली आणि उत्तर ऐकलं. जेन त्याला आपली बाजू सांगत नाही, गप्प राहते. हाकेनंतरचं तिचं वागणंही बघा. सेंट जॉन तिला अडवायला जातो, ती त्याला जायला सांगते, मला एकटं राहू दे म्हणते, आणि इतके दिवस हुकूम सोडणारा तो माणूस निमूट जातो.

निशिकांत_द
पेरणी केली हे खरं. पण पेरलेला चमत्कारही चमत्कारच. हाक काढून टाका आणि सांगा, ती सुटली असती का?

मंजिरी_क
चौतिसाव्यावर मी बोट ठेवीन. हाकेच्या आधीच तिने लग्नाला स्वच्छ नकार दिलेला आहे. आणि पस्तिसाव्याच्या सुरुवातीला ती त्याच्या तोंडावर म्हणते की तुझ्याशी लग्न केलं तर तू मला मारून टाकशील, आत्ताच मारतो आहेस. त्यावर तो काय म्हणतो? की हे शब्द बाईला न शोभणारे, आणि खोटे आहेत. इतकं बोललेली मुलगी पुढे खचते ती थकून. तिची बुद्धी शाबूत आहे. पण हाकेशिवाय ती त्या रात्री सुटली असती, असं पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. तेवढी जागा तुम्हाला सोडते.

रेवा_ज
सगळी चर्चा वाचली. दोन निवडींचा हिशोब आवडला, दुसऱ्या निवडीचं मात्र कोणी नीट उलगडलं नाही. फर्नडीनला जाताना जेन गाडीवानाला नेहमीच्या दुप्पट भाडं देते, अंधार पडायच्या आत पोचव म्हणून. पहिल्यांदा थॉर्नफील्ड सोडलं तेव्हा तिच्याकडे जेमतेम वीस शिलिंग होते आणि ते संपले तिथे गाडीने तिला माळावर उतरवलं. पोचल्यावर ती मोलकरणीच्या हातातला पाण्याचा ट्रे घेऊन आत जाते. तो तिच्या हातात इतका थरथरतो की पेल्यातलं पाणी सांडतं. पण बोलताना ती ठाम असते. मी श्रीमंत आहे, माझी मुखत्यार आहे, तू ठेवून घेतलं नाहीस तर शेजारी घर बांधीन. हे वाक्य ती चोविसाव्यात बोलू शकली नसती. निवड पटते ती इथे.

पण मला खुपतं ते वेगळंच. हिशोब जुळतो तो दोघांचा. तिसरी बाई, बर्था, जमैकातून तीस हजार पौंडांचा हुंडा घेऊन आली, दहा वर्षं त्या खोलीत काढली आणि छपरावरून उडी टाकून गेली. जीन ऱ्हीसने १९६६ साली तिच्या बाजूने 'वाइड सारगासो सी' लिहिली ती याच टोचणीतून. जेनची निवड ओघाने आली असेलही, पण ती शक्य झाली एका बाईच्या मरणाने, आणि त्या मरणावर जेन किती थांबते? खानावळवाला सांगतो, ती ऐकते, आणि विचारते ते रॉचेस्टरबद्दल.

मंजिरी_क
रेवा, यावर माझ्याकडे बचाव नाही. एवढंच म्हणेन की सत्ताविसाव्यात रॉचेस्टर बर्थाबद्दल द्वेषाने बोलतो तेव्हा जेन त्याला अडवते, ती वेडी झाली यात तिचा काय दोष, म्हणते. छत्तिसाव्यात तसं एकही वाक्य नाही.

रेवा_ज
तेच. सत्ताविसाव्यातल्या जेनने छत्तिसाव्यात एक वाक्य तरी बोलायला हवं होतं.

दिगंबर_जत
मंजिरीताई, काल रात्री दोन रकाने आखले. सुनंदा सगळ्या पुस्तकात स्वतःहून एकच गोष्ट करते. बाराव्या प्रकरणात फडावरच्या पोरांची हजेरी लिहायला मास्तरकडून वही मागून घेते. बाकी सगळं तिच्या बाबतीत 'होतं'. नकार आता एकोणिसाव्यात, उचलीचे पैसे मोजले जातात त्या रात्री घालतोय. आणि नवऱ्याची दारू काढली. त्याला फडातला सगळ्यात चांगला कोयतेवाला केलाय, पोरीला वेळेवर दवाखान्यात नेणारा. आता मलाच कळेना ती त्याला नाही का म्हणते.

मंजिरी_क
त्या वहीपाशी शोधा. नवऱ्याने ती वही बघितल्यावर काय केलं, ते लिहिलंय का तुम्ही?

दिगंबर_जत
नाही. त्याने अजून बघितलीच नाहीये.